मंगळवारची पट्टी

आमच्या ब्रायनीबद्दल सांगायचं तर आधी तिच्या हसण्याबद्दल सांगायला हवं, कारण तेच मधल्या काळात बंद पडलं होतं. ती हसली की शेजारच्या घरातली माणसं विनाकारण हसायला लागतात. लीड्सच्या खाटकाची मुलगी ती. पाठीवर एक पिशवी टाकून देश बघायला म्हणून इंग्लंडहून निघाली आणि पर्थच्या उत्तरेला, आमच्या जेराल्डटन बंदरात येऊन अडकली. अडकली म्हणजे माझ्या पोरात अडकली. हीथ तेव्हाही कोळंबीच्या बोटीवरच होता. कोळंबी म्हणते मी, पण आमची ती हातभर लांबीची, मिशाळ, लाल. ब्रायनीने पहिल्याच दिवशी एक हातात धरली, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ही तर माझ्या मावशीसारखी दिसते." झालं, हीथ गेला कामातून.

माझं नाव नोलीन. सून मला नोलीनच म्हणते, नात नॅन म्हणते, आणि हीथ काम असलं तर आई म्हणतो. तीस-एक वर्षं मी कोळंबीच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी राहिले. तिथे यंत्रांचा असा खडखडाट की शेजारणीला वेळ विचारायची तरी बोंबलावं लागे. तो आवाज अंगात मुरला. आता मी "साखर दे" म्हटलं तरी लोकांना वाटतं भांडण जुंपलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण या माझ्या आवाजाने पुढे माझीच झोप उडवली.

ईडी झाली, दोन वर्षांची झाली, आणि ब्रायनीला घरात करमेना. तिच्या पायाला भिंगरीच. बोटीचा धंदा कधी चढा तर कधी पडेल, म्हणून तिने वर उत्तरेला लोखंडाच्या खाणीत नोकरी धरली. आमच्या घरापेक्षा उंच ट्रक चालवायचा, शिडी चढून आत बसायचं. तीन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. मंगळवारी विमान न्यायचं, मंगळवारीच आणायचं. मी म्हटलं, जा बाई, पोरीला मी बघते, हातीपायी धड आहे अजून. ईडीचं सगळं मीच करायला लागले. हीथ पहाटे बोटीवर जायचा, दुपारी येऊन जाळी-सापळे दुरुस्त करत शेडमध्ये बसायचा. बरं चाललं होतं.

आणि मग ते डोकं सुरू झालं.

ब्रायनी मंगळवारी उतरायची ती ठणठणीत. विमानतळावर ईडीला उचलून गरगर फिरवायची, गाडीत गाणी म्हणायची. बुधवारी दुपारपर्यंत गप्प व्हायची. संध्याकाळी पडदे ओढलेले, उशाशी बादली, डोक्याच्या एका बाजूला हात गच्च. उजेड नको, वास नको, आवाज तर नकोच नको. असे दोन-तीन दिवस. मग शनिवारी-रविवारी पांढऱ्या फटक चेहऱ्याने बाहेर यायची, पोरीबरोबर किनाऱ्यावर वाळूत थोडी बसायची, की लगेच मंगळवार आणि विमान. खाणीवरून फोन करायची तेव्हा पुन्हा टवटवीत! "डोकं कसंय गं?" "एकदम झकास! इथे कधी दुखतच नाही."

इथे दुखत नाही. ऐकलंत? मला ते वाक्य काट्यासारखं रुतायचं.

एकदा झालं, दोनदा झालं, मी म्हटलं प्रवासाचा शीण. पण दर सुट्टीला तेच? मग माणूस विचार करणारच ना, की तिकडे नाही आणि इथे आहे असं काय आहे? तिकडे धूळ, उकाडा, बारा तासांची पाळी, पत्र्याची खोली. इथे समुद्र, नवरा, पोर. आणि मी. सारखं फिरून फिरून बोट माझ्याकडेच यायचं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी काय हिचं वाईट केलं?

तरी केलंच सगळं. कांदा तळायचं बंद केलं. कपडे धुवायची पावडर बदलली. माझी लॅव्हेंडरची बाटली, जी मला माझ्या आईने दिली होती तशीच मी कायम आणते, ती शेडमध्ये नेऊन ठेवली. वाऱ्याने खिडकी वाजते म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या. आमच्याकडचा वारा म्हणजे काय, झाडंसुद्धा वाकून जमिनीला टेकली आहेत, तर खिडकी वाजणारच. पण मी तीही गप्प केली. आणि शेवटी स्वतःला गप्प केलं. बुधवार आला की मी आणि ईडी कुजबुजत बोलायचो. पाच वर्षांची पोर, पण दार कसं न वाजवता लावायचं ते शिकली. बुधवारी सकाळी तिचं तीच मोजे घालायची, पावलं वाजू नयेत म्हणून. ते बघून मला राग यायचा. कुणावर काढणार? कुत्र्यावर काढायची.

हीथचा राग वेगळीकडे चालला होता. तो बोलत नाही, तो सापळ्यांच्या तारा पिळतो. जितक्या जोरात पिळतो तितका चिडलेला असतो. एक दिवस मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर तो म्हणाला, "आई, तिकडे कुणी असेल का तिचं?"

"मूर्खा," मी म्हटलं, "कुणी असतं तर इथे आल्यावर गोड गोड वागली असती. उलट्या नसत्या केल्या."

"मला बघून होत असतील उलट्या."

त्याने ते हसत म्हटलं, पण तार मात्र तुटेपर्यंत पिळली.

ती ठिणगी पडली पुढच्या सुट्टीत, सोमवारी. ब्रायनी दुसऱ्या दिवशी निघणार होती. डोकं नुकतंच उतरलं होतं आणि ती बॅग भरत गुणगुणत होती. ते गुणगुणणं हीथला झोंबलं. मी स्वयंपाकघरात होते. कान टवकारायची गरजच नव्हती, भिंती पातळ आहेत.

"जायचं म्हटलं की किती बरं वाटतं नाही तुला?" हीथ म्हणाला.

"काय म्हणायचंय तुला?"

"तिकडे ठणठणीत असतेस. इथे आलीस की अंथरूण धरतेस. सरळ सांग ना, आम्हीच डोकं उठवतो तुझं."

तिने बॅगेची चेन खर्रकन ओढली. मग म्हणाली, "मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही. पुढची सुट्टी मी पर्थला काढते, मारामाच्या घरी. डोकं तिथेही दुखतं का ते बघू तरी."

मारामा तिच्याच पाळीवर ट्रक चालवते, तिची जिवाभावाची मैत्रीण.

"आणि नाही दुखलं तर?" हीथने विचारलं.

मी हातातली बशी खाली ठेवली ती न वाजवता, सवयीने.

आता समजलं ना तुम्हाला, काय टांगणीला लागलं होतं ते? पर्थमध्ये तिचं डोकं दुखलं नाही तर ती परत कशाला येणार होती या घरात? आणि तिने का यावं, हेही मला कळत होतं. ज्या घरात आल्यावर कवटी फुटते तिथे मी तरी आले असते का? ते तीन आठवडे मी बसले म्हणून नाही. कपाटं आवरली, परत आवरली. ईडीला शाळेत सोडून किनाऱ्यावर उगाच गाडी फिरवायची आणि घरी यायची. ईडी विचारायची, "मम कधी येणार?" मी म्हणायची, "येईल." तेवढं बोलून मी तोंड फिरवायची.

ब्रायनीचा परतीचा मंगळवार आला आणि वर उत्तरेला वादळ आलं. चक्रीवादळ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचा नेहमीचा पाहुणा. विमानं बंद, खाण बंद. सगळ्या माणसांना छावणीतल्या आपापल्या खोलीत कोंडलं. लाल इशारा उठेपर्यंत दाराबाहेर पाय टाकायचा नाही, डबाबंद खायचं आणि वाऱ्याचं ऐकत बसायचं. पर्थही राहिलं, घरही राहिलं.

बुधवारी दुपारी तिने फोन लावला, चेहरा दिसतो तसला. ईडी माझ्या मांडीवर. मागे वाऱ्याचा असा घोंघाट की ब्रायनीचं बोलणं नीट ऐकू येईना. म्हणून मी माझ्या मूळ आवाजात आले, कारखान्यातल्या. बरं वाटलं हो, किती दिवसांनी!

बोलता बोलता ती थांबली. डोळे चोळले. "नोलीन, तुझं नाक कुठे गेलं?"

"चेहऱ्यावरच आहे. का?"

"नाही दिसत. मध्ये भोक पडलंय. कडेने काहीतरी चमकतंय, करवतीच्या दात्यांसारखं... वाकडं... मोठं होत चाललंय."

"उजेडाकडे बघितलं असशील."

"इथे वीज गेलीये, कसला उजेड?" मग ती हाताकडे बघायला लागली. "बोटांना मुंग्या आल्यात. वर चढतायत." थोड्या वेळाने म्हणाली, "ओठालासुद्धा."

आमच्या शेजारच्या कीथला अशाच मुंग्या आल्या होत्या, तोंड एका बाजूला गेलं आणि मग तो उठला नाही. मी ओरडले, "फोन ठेव आणि तुमच्या त्या दवाखान्यातल्या माणसाला लाव. आत्ताच्या आत्ता!"

लाल इशाऱ्यात त्या माणसालाही बाहेर पडता येत नव्हतं. त्याने फोनवरूनच तपासलं: हस म्हणाला, दोन्ही हात उचलून धर म्हणाला, एक वाक्य बोलून दाखव म्हणाला. हसू सरळ होतं, हात खाली आले नाहीत, बोलणं नीट होतं. अर्ध्या तासात ते चमकणं विरलं, मुंग्या उतरल्या. आणि मग डोकं आलं. तेच, एका बाजूचं, बादलीवालं. भिंतीपलीकडून मारामा फोनवर तिच्याशी बोलत राहिली आणि मधूनच मला कळवत राहिली.

मी इथे जेराल्डटनमध्ये येरझारा घालत होते. आणि त्यातच, लाज वाटते सांगायला, एक विचार मनात लखकन आला: तिकडे दुखलं! तिथे ना माझा कांदा, ना माझा आवाज, ना हीथ. बुधवार मात्र होता.

इशारा उठल्यावर डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं. ट्रकला हात लावायचा नाही, खाली जाऊन तपासून घ्यायचं, असा हुकूम निघाला. ती उतरली, मोठ्या इस्पितळात मेंदूचा फोटो निघाला, तो स्वच्छ आला. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टर वीरकून बाईंकडे पाठवलं. बाई श्रीलंकेच्या, बोलायला मऊ, पण विचारायला लागल्या की सोडत नाहीत. हीथ समुद्रात होता आणि ब्रायनीला गाडी चालवायची मनाई, म्हणून मी घेऊन गेले. "तू बाहेर बस," ब्रायनी म्हणाली. मी आतच बसले.

बाईंनी सगळं विचारलं. झोप, पाणी, चष्मा. मग म्हणाल्या, "काही औषध चालू आहे?"

"नाही."

"कुठल्या गोळ्या? गर्भनिरोधक?"

"नाही, गोळी नाही घेत मी."

इस्पितळातही तिने हेच सांगितलं होतं, छावणीतही हेच. आणि ती खोटं बोलत नव्हती हो. गोळी ती घेतच नव्हती. पण मी तिला किनाऱ्यावर मलम चोळून दिलंय, ऊन लागू नये म्हणून. पाठीवर पट्टी ओढून काढल्याचा चिकट, चौकोनी डाग मी पाहिलाय.

"आणि ती पाठीवरची चिकटपट्टी?" मी म्हटलं.

ब्रायनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची तिजोरी फोडली. "नोलीन!"

"मला वाटलं सिगारेट सोडायची असेल," मी म्हटलं. "पण तू तर कधी ओढतच नाहीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली पट्टी?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. मूल नको म्हणून लावायची पट्टी. इंग्लंडमध्ये असल्यापासून ती तीच लावायची. इथे ती मिळत नाही, म्हणून लीड्सची बहीण स्वतःच्या नावावर घेऊन चहाच्या पुड्यांबरोबर पार्सलात टाकते. आठवड्याला एक, अशा तीन लावायच्या, मग एक आठवडा काहीच लावायचं नाही, त्या आठवड्यात पाळी येते. आणि आमच्या या हुशार बाईने तो मोकळा आठवडा मुद्दाम सुट्टीवर बसवला होता. जायच्या मंगळवारी विमानतळाच्या संडासात नवी पट्टी, यायच्या मंगळवारी जुनी काढून कचऱ्यात.

"ट्रकमध्ये पाळी नको होती," ती म्हणाली. "शिडी उतरून संडासापर्यंत जायचं म्हणजे आधी वॉकी-टॉकीवर परवानगी मागावी लागते, कामावरचे सगळे ऐकतात. खाणीवरच्या बऱ्याच बायका काही ना काही असं जुळवतात."

"पट्टी काढलीस की दुसऱ्या दिवशी डोकं," बाई म्हणाल्या.

ब्रायनी थिजली. मी तर थिजलेच. किती महिने गं बाई, किती महिने!

बाईंनी नीट समजावलं. त्या पट्टीतून दोन हॉर्मोन कातडीवाटे रक्तात जात राहतात. त्यातलं एक इस्ट्रोजेन. पट्टी काढली की ते झपकन खाली येतं, आणि काही बायकांचं डोकं त्या उतरणीवरच उठतं. घराचा संबंध नाही, माणसांचा नाही.

"मग मी काढतच नाही," ब्रायनी लगेच म्हणाली. "सलग लावते, मध्ये सुट्टीच नाही."

"साधी डोकेदुखी असती तर मीच कदाचित तसं सुचवलं असतं," बाई म्हणाल्या. "पण तुला आधी चमकणारं दिसलं. असं पूर्वी कधी झालंय?"

ब्रायनीने खाली बघितलं. "दोनदा. इथे, घरी. मला वाटलं समुद्रावरून ऊन चमकतंय."

"डोकं दुखण्याआधी असं दिसतं त्या बायकांना मेंदूच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. तो लहानच असतो, घाबरू नकोस. पण इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. म्हणून पट्टी आता कायमची बंद. गोळीसुद्धा, ज्यात इस्ट्रोजेन आहे ती."

ब्रायनीच्या पर्समध्ये पुढच्या मंगळवारची पट्टी तयार होती. ती बाईंनी टेबलावर ठेवायला लावली.

मग दुसरं काय लावायचं यावर बोलणं झालं. मारामाने गर्भाशयात बसवायची ती हॉर्मोनची कॉइल घेतली आहे. ब्रायनी म्हणाली, "ती म्हणते तिचं डोकं आधीपेक्षा शांत आहे." लगेच पुढे म्हणाली, "पण छावणीच्या स्वयंपाकघरातल्या एका मुलीने दंडात कांडी घातली, तिचं डोकं इतकं धरलं की काढून टाकली तिने." बाई म्हणाल्या, दोन्ही खरं असू शकतं. कॉइल काय, दंडातली कांडी काय, दोन्हींत इस्ट्रोजेन नाही, फक्त दुसरं हॉर्मोन आहे, म्हणून तुला चालतील. कॉइलचं औषध बहुतेक जागच्या जागी काम करतं, रक्तात कमी उतरतं. कांडीचं अंगभर जातं. पण डोकं दोन्हींनी दुखू शकतं. कुणाचं सुरुवातीचे काही महिने कुरकुरतं आणि थांबतं, कुणाचं सुधारतं, कुणाचं बिघडतं. तुझं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. हॉर्मोनच नको असेल तर तांब्याची कॉइल आहे.

"म्हणजे जुगारच," मी म्हटलं.

"हवं तेव्हा काढता येतं," बाई म्हणाल्या. "जुगारात तसं नसतं."

कॉइल बसवायला पुढची तारीख घ्यावी लागणार होती आणि ब्रायनीला थांबवेना. कांडी त्याच दिवशी बसत होती. गर्भ नसल्याची तपासणी झाली, डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला सुई टोचून जागा बधिर केली, आणि आगकाडीएवढी मऊ कांडी कातडीखाली गेली. बाईंनी तिचंच बोट तिथे ठेवून चाचपायला लावलं. वर सांगितलं, "पट्टी काढून बरेच दिवस झालेत, म्हणून पुढचा आठवडाभर जपून. दुसरं काहीतरी वापरा. रक्तस्राव कधीही, कसाही होऊ शकतो. आणि ते चमकणं वाढलं किंवा वेगळं झालं तर लगेच ये, वाट बघू नकोस."

"आठवडाभर?" गाडीत ब्रायनी म्हणाली. "हीथला तूच सांग."

"मी त्याला अंघोळ घातलीय, पण याच्यापुढे माझी हद्द संपते," मी म्हटलं. ती हसली. पूर्ण नाही, पण शेजाऱ्यांनी मान वर करावी एवढं हसली.

हीथला तिने शेडमध्ये जाऊन सांगितलं. काय बोलली माहीत नाही. तो संध्याकाळी आत आला आणि कांदा कापायला बसला, डोळे पुसायला सोयीचं म्हणून असेल.

आता सगळं ताबडतोब सरळ झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कंपनीच्या डॉक्टरने ट्रकवर सोडेपर्यंत तिला कार्यालयात बसवलं, ती तिथे पिंजऱ्यात घातल्यासारखी वैतागली. रक्त म्हणाल तर पंधरा दिवस थेंब थेंब. "हेच टाळायला पट्ट्या लावत होते ना मी!" म्हणून फोनवर करवादायची. आणि जीव माझा अजून खालीवरच. बाईंनी सांगितलं खरं की घराचा संबंध नाही, पण मला बुधवार बघायचा होता. बुधवार उलटल्याशिवाय कोण विश्वास ठेवतो?

ट्रकवर परतल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला, जेवणाच्या सुट्टीत. आवाज असा, जणू लॉटरी लागलीय.

"नोलीन! डोकं दुखतंय माझं!"

"अगं बाई! चमकतंय का काही?"

"नाही नाही, साधं. चहाबरोबर गोळी घेतली, उतरतंय. पण इथे दुखतंय, नोलीन! इथे, खाणीवर! हीथला सांग!"

मी फोन ठेवला आणि शेडपर्यंत पळत गेले. "हीथ! तिचं डोकं दुखतंय!" आणि माझा घोडा, सापळा टाकून देऊन दात काढून हसला. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय दुष्ट माणसं आहेत.

मग तो मंगळवार आला. ती उतरली, ईडीला गरगर फिरवलं, गाडीत गाणी झाली. रात्री मी बादली धुऊन कोपऱ्यात ठेवली.

बुधवारी सकाळी ब्रायनी उशिरा उठली. मी चुलीशी, हीथ मुद्दाम बोटीवर न जाता टेबलाशी. दोघंही श्वास रोखून. ती बाहेर आली, केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. खुर्चीत बसली. टोस्ट ओढला. अर्धा खाल्ला. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "कोण गेलंय? मैताला बसल्यासारखे काय बसलात?"

"डोकं?" हीथने विचारलं.

"आहे जागेवर. भूक लागलीय. कांदा तळा ना कुणीतरी."

तेवढ्यात ईडी आली. मोजे घातलेली, पावलं न वाजवता. दार हळूच लावलं, बोट ओठांवर ठेवलं आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "नॅन, मम उठली?"

ब्रायनीने ते ऐकलं. तिने टोस्ट खाली ठेवला. "ये इकडे. हळू का बोलतेस?"

"बुधवार आहे ना," ईडी कुजबुजली.

"आता बुधवारी पण मोठ्याने बोलायचं. डोकं माझ्या पट्टीमुळे दुखायचं. ती पट्टी मी टाकून दिली."

ईडी उभीच राहिली. मोज्यातली बोटं एकावर एक चढवत होती. मग तिने विचारलं, अजून कुजबुजतच, "म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?"

हीथने मान खाली घातली. आम्ही तिघं मोठी माणसं, प्रत्येकाला वाटत होतं आपल्यामुळे, आणि चौथं कुणी मोजलंच नव्हतं आम्ही.

ब्रायनी जमिनीवर बसली आणि पोरीला पोटाशी धरलं. "नाही. कधीच नाही. एकदाही नाही." मग तिने ईडीचे मोजे एकेक करून ओढून काढले आणि म्हणाली, "ओरड बघू. जितक्या जोरात येतं तितकं."

ईडीने तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. सवय मोडली होती पोरीची. तिने माझ्याकडे बघितलं.

"असं नाही गं," मी म्हटलं, कंबरेवर हात ठेवले आणि कारखान्यातला आवाज काढून दाखवला.